दुधातले सात किलो स्निग्धांश जातात कुठे?

दुग्धतंत्रज्ञानाच्या परीक्षेत एक प्रश्न वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा विचारला जातो. "दुधापासून तूप तयार करण्याच्या पायऱ्या लिहा." बहुतेक उत्तरपत्रिकांत याचे उत्तर तीन ओळींत संपते. दुधातील मलई वेगळी करावी, मलई घुसळून लोणी काढावे, लोणी कढवून तूप करावे. हे उत्तर चुकीचे नाही. पण एवढे तर घरोघरी सर्वांनाच ठाऊक असते. परीक्षकाला हवे असते ते पुढचे. मलई वेगळी का होते, घुसळताना नेमके काय घडते, आणि कढवणे कुठे थांबवायचे हे कशावरून ओळखायचे?

आता हाच प्रश्न थोडा बदलून पाहू. म्हशीचे १०० किलो दूध आहे. त्यात ७ टक्के स्निग्धांश आहे, म्हणजे ७ किलो. तूप म्हणजे जवळजवळ शुद्ध स्निग्धांशच. मग ७ किलो तूप मिळायला हवे. प्रत्यक्षात मात्र चांगल्या दुग्धशाळेतही त्याहून थोडे कमीच मिळते. उरलेले कुठे गेले? या हरवलेल्या तुपाचा माग काढत गेलो, तर तिन्ही पायऱ्या आपोआप समजतील. चला तर मग, या सात किलोंच्या पाठोपाठ जाऊ.

पहिली पायरी : मलई वेगळी करणे

दुधात स्निग्धांश विरघळलेला नसतो. तो अतिशय बारीक गोळ्यांच्या रूपात तरंगत असतो. या गोळ्यांना स्निग्धकण म्हणतात. त्यांचा सरासरी व्यास ३ ते ४ मायक्रोमीटर असतो. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. प्रत्येक कणाभोवती प्रथिने आणि इतर पदार्थांचे एक पातळ आवरण असते. त्यामुळे कण एकमेकांत मिसळून जात नाहीत. हे आवरण लक्षात ठेवा, दुसऱ्या पायरीत त्याच्याशी आपली गाठ पडणार आहे.

स्निग्धांश दुधातील पाण्याच्या भागापेक्षा हलका असतो, म्हणून स्निग्धकण वर चढतात. पण किती वेगाने? ३ मायक्रोमीटर व्यासाचा एकटा कण स्थिर दुधात तासाला सुमारे १ मिलिमीटर एवढाच वर सरकतो. दहा सेंटिमीटर खोल भांड्याच्या तळापासून वर यायला त्याला चार दिवस लागतील. तोवर दूध नासून जाईल! कणाचा व्यास दुप्पट असेल तर वेग चौपट होतो, व्यास तिसरा हिस्सा असेल तर वेग नववा हिस्सा होतो. म्हणून मोठे कण लवकर वर येतात आणि अगदी बारीक कण दुधातच रेंगाळतात.

कणांचा वेग वाढवायचा कसा? कण मोठे करणे आपल्या हाती नाही. पण त्यांच्यावर काम करणारे बल वाढवणे आपल्या हाती आहे. स्वीडनच्या गुस्ताफ द लाव्हाल यांनी १८७८ साली हेच केले. त्यांनी दूध एका वेगाने फिरणाऱ्या वाडग्यात सोडले. वाडग्याच्या आसापासून १० सेंटिमीटर अंतरावर, मिनिटाला ६,००० फेऱ्यांच्या वेगाने, दुधावर पडणारे केंद्रोत्सारी बल गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ४,००० पट असते. म्हणजे तासाला १ मिलिमीटर चालणारा आपला कण आता सेकंदाला १ मिलिमीटरहून अधिक चालू लागतो.

पुढे १८८८ साली जर्मनीच्या क्लेमेन्स फॉन बेख्टोल्शाइम यांनी या वाडग्यात शंकूच्या आकाराच्या तबकड्यांची चळत बसवण्याची युक्ती शोधली. एकावर एक ठेवलेल्या या तबकड्यांमधली फट सुमारे अर्धा मिलिमीटर असते. त्यामुळे कणाला सगळा वाडगा ओलांडावा लागत नाही, फक्त ही अर्ध्या मिलिमीटरची फट ओलांडली की तो मलईच्या प्रवाहात सामील होतो. वरच्या वेगाने त्याला अर्धा सेकंद पुरतो. चार दिवसांचे काम अर्ध्या सेकंदात!

येथे उत्तरपत्रिकेत एक चूक हमखास आढळते. "फिरवल्यामुळे मलई बाहेर फेकली जाते" असे विद्यार्थी लिहितात. घडते नेमके उलटे. जे जड ते बाहेर जाते. मलई काढलेले दूध जड असल्यामुळे ते वाडग्याच्या कडेकडे जाते आणि हलकी मलई आसाजवळ जमते. तिथून ती वेगळ्या तोंडाने बाहेर पडते. त्या तोंडाशी मलईचा स्क्रू असतो. तो आसाच्या दिशेला आत फिरवला की सर्वांत आतली, म्हणजे सर्वांत दाट मलई बाहेर येते. बाहेरच्या बाजूला फिरवला की मलई पातळ होते.

यंत्रात सोडण्यापूर्वी दूध साधारण ४० अंश सेल्सिअसपर्यंत कोमट करतात. याचे कारण जरूर लिहा. कोमट दूध कमी चिकट असते, म्हणून कणांना होणारा अडथळा कमी होतो. थंड दूध सोडले, किंवा यंत्र पूर्ण वेगात येण्यापूर्वीच दूध सोडले, तर बरेचसे कण मलईपर्यंत पोहोचत नाहीत आणि मलई काढलेल्या दुधाबरोबर निघून जातात. काही हातयंत्रांच्या दांड्याला एक घंटी असते. वेग कमी असेपर्यंत ती वाजत राहते आणि योग्य वेग आला की गप्प होते. घंटी थांबली की दूध सोडायचे, असा सोपा हिशेब!

आता आपले १०० किलो दूध या यंत्रातून काढू. समजा, मलईत ४० टक्के स्निग्धांश हवा आहे आणि मलई काढलेल्या दुधात ०.१ टक्का राहतो. हा ०.१ टक्का म्हणजे ते अगदी बारीक, रेंगाळणारे कण. किती मलई मिळेल?

सगळे १०० किलो जर मलई काढलेले दूध असते, तर त्यात फक्त ०.१ किलो स्निग्धांश असता. प्रत्यक्षात आहे ७ किलो, म्हणजे ६.९ किलो अधिक. मलईचा प्रत्येक किलो मलई काढलेल्या दुधाच्या किलोपेक्षा ०.३९९ किलो अधिक स्निग्धांश बाळगतो. म्हणून ६.९ ला ०.३९९ ने भागले की मलईचे वजन मिळते : १७.२९ किलो. उरलेले ८२.७१ किलो हे मलई काढलेले दूध. त्यात गेला ८३ ग्रॅम स्निग्धांश. हा आपला पहिला हरवलेला हिस्सा.

दुसरी पायरी : घुसळणे

मलईत कण दाटीवाटीने असतात, पण अजूनही प्रत्येक कण आपल्या आवरणात स्वतंत्र असतो. पाण्यात स्निग्धकण, अशी ही रचना. लोण्यात ती उलटी होते. तेथे स्निग्धांश सलग असतो आणि त्यात पाण्याचे बारीक थेंब अडकलेले असतात. "घुसळल्याने रचनेची उलटापालट होते" हे एक वाक्य उत्तरात असेल, तर परीक्षकाला कळते की विद्यार्थ्याला विषय समजला आहे.

ही उलटापालट होण्यासाठी आवरण फुटले पाहिजे आणि फुटलेले कण एकमेकांना चिकटले पाहिजेत. घुसळताना मलईत हवेचे बुडबुडे शिरतात. कण बुडबुड्यांच्या पृष्ठभागावर गोळा होतात, आपटतात आणि त्यांची आवरणे फाटतात. त्यांतून बाहेर आलेला द्रव स्निग्धांश गोंदासारखे काम करतो आणि कणाला कण जोडला जातो.

पण गोंदाला चिकटवायला काहीतरी घट्ट हवे ना! सगळा स्निग्धांश द्रव असेल तर घुसळून कण फक्त फुटतील आणि मिसळतील, लोण्याचा दाणा होणार नाही. सगळा घट्ट असेल तर गोंदच उरणार नाही. म्हणजे काही भाग घट्ट आणि काही भाग द्रव असला पाहिजे, आणि ही गोष्ट तापमानावर अवलंबून असते. म्हणूनच पाश्चरीकरण केलेली मलई घुसळण्यापूर्वी रात्रभर ५ ते १० अंश सेल्सिअसला ठेवतात. या काळात कणांच्या आत स्निग्धांशाचे स्फटिक तयार होतात. याला मलई मुरवणे म्हणता येईल. हा टप्पा गाळणाऱ्या उत्तराचे गुण हमखास कापले जातात.

त्यानंतर साधारण ९ ते १३ अंशांच्या दरम्यान मलई घुसळतात. उन्हाळ्यात या पट्ट्यातले कमी तापमान घेतात, हिवाळ्यात जास्त. घरी रवीने घुसळताना आजी उन्हाळ्यात गार पाणी घालते आणि थंडीत कोमट, ते याच कारणासाठी. मलई फार उबदार असेल तर लोणी लवकर येते खरे, पण ते मऊ व तेलकट असते आणि बराच स्निग्धांश ताकात राहतो. मलई फार थंड असेल तर तासभर घुसळूनही लोणी येत नाही.

दुग्धशाळेतील घुसळणीचे पिंप तिसऱ्या हिश्श्यापासून फार तर अर्ध्यापर्यंत भरतात. मलई वर उचलली जाऊन खाली आपटण्यासाठी मोकळी जागा हवी आणि हवाही हवी. पिंप फिरवण्याचा वेगही बेताचाच ठेवतात. फार वेगाने फिरवले तर मलई पिंपाच्या भिंतीला चिकटून तिच्याबरोबर गोल फिरत राहते आणि आपटतच नाही. पाहा, ज्या केंद्रोत्सारी बलाने पहिल्या पायरीत आपले काम केले, तेच दुसऱ्या पायरीत काम बिघडवते!

सुमारे ३५ ते ४५ मिनिटांत लोणी येते. त्याच्या खुणा क्रमाने अशा. प्रथम मलई फुगते आणि फेसाळते. मग फेस खाली बसू लागतो आणि आवाज बदलतो. पिंपाच्या काचेच्या झरोक्यावर इतका वेळ मलईचा पांढरा थर असतो, तो एकाएकी निघून जाऊन काच स्वच्छ दिसू लागते. आत पाहिले तर पातळ ताकात पिवळसर-पांढरे दाणे तरंगत असतात. दाणे वाटाण्याएवढे झाले की थांबायचे. त्याहून लहान असताना थांबलो तर दाणे ताकाबरोबर वाहून जातात. फार मोठे होऊ दिले तर त्यांच्यात ताक कोंडून राहते. मग ताक काढून, दाणे गार पाण्याने धुऊन लोणी मळतात, म्हणजे जास्तीचे पाणी निघून जाते आणि उरलेले सारखे पसरते. तुपासाठीच्या लोण्यात मीठ घालत नाहीत. कढवताना पाणी उडून जाते, पण मीठ उडून जात नाही.

आता हिशेब. मलईतून ६,९१७ ग्रॅम स्निग्धांश आला होता. ताकात ०.५ टक्का स्निग्धांश राहतो आणि लोण्यात ८३ टक्के स्निग्धांश, १६ टक्के पाणी आणि १ टक्का प्रथिने, दुग्धशर्करा व क्षार आहेत असे धरू. पहिल्यासारखाच हिशेब केला की लोणी ८.२८ किलो आणि ताक ९.०१ किलो येते. धुण्याचे पाणी यात धरलेले नाही. ताकात गेला ४५ ग्रॅम स्निग्धांश. हा दुसरा हरवलेला हिस्सा.

तिसरी पायरी : कढवणे

लोण्यात आता ६,८७२ ग्रॅम स्निग्धांश आहे. त्याच्या सोबतीला सुमारे १.३२ किलो पाणी आणि ८३ ग्रॅम इतर घन पदार्थ आहेत. कढवणे म्हणजे या दोघांना घालवणे. पाणी वाफ होऊन जाते, घन पदार्थ करपण्याच्या आत तळाशी बसवून गाळून काढावे लागतात.

"लोणी उकळते" असे आपण सहज म्हणतो. पण उकळत असते ते लोण्यातील पाणी. स्निग्धांश या तापमानाला उकळत नाही. हा फरक लक्षात घेतला की तापमापी आपल्याशी बोलू लागते. लोणी वितळून तापू लागले की पारा चढत जातो आणि १०० अंशांच्या जरा वर येऊन अडतो. खाली आच तशीच चालू असते, तरी पारा हलत नाही. का? कारण सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होत असते. या वेळी मोठे बुडबुडे येतात, खदखद आवाज होतो आणि वर पांढरा फेस येतो. भांडे काठोकाठ भरले असेल तर ते उतू जाते, म्हणून अर्धे रिकामे ठेवतात.

पाणी संपत आले की खदखद कमी होते आणि अडलेला पारा पुन्हा झपाट्याने चढू लागतो. म्हणजे पाणी संपल्याची बातमी तापमापीच देते! येथून पुढे आच मंद केलीच पाहिजे, कारण आता उष्णता शोषून घ्यायला पाणी उरलेले नाही. काही क्षणांत दुसरा फेस येतो, पण तो बारीक बुडबुड्यांचा असतो. तळचे घन पदार्थ आधी पिवळसर आणि मग बदामी होतात. त्यांतील दुग्धशर्करा आणि प्रथिने यांची उष्णतेने अभिक्रिया होते, तिच्यातून तुपाचा परिचित खमंग वास येतो. पारा ११० ते १२० अंशांच्या दरम्यान असताना आच बंद करतात. दक्षिण भारतात जास्त खमंग तूप आवडते, म्हणून तिकडे १२० अंशांच्या जवळ जातात. उत्तरेकडे ११० च्या आसपास थांबतात.

लवकर थांबलो तर तुपात पाणी राहते आणि असे तूप लवकर खवट होते. अन्नविषयक नियमांप्रमाणे तुपात ओलावा ०.५ टक्क्याहून अधिक चालत नाही. उशिरा थांबलो तर बेरी काळी पडते, तुपाला करपट वास लागतो आणि रंग तांबूस होतो. करपलेला वास नंतर कशानेही जात नाही. आच बंद केल्यावरही भांडे तापलेलेच असते आणि पारा थोडा वर जातो, म्हणून शेवटच्या अंशाची वाट पाहू नये.

थोडा वेळ स्थिर ठेवल्यावर बेरी तळाशी बसते. मग तूप कोमट असतानाच गाळून घेतात. त्यानंतर ते एकदम गार करत नाहीत. साधारण ३० अंशांच्या खाली जरा खाली सावकाश गार होऊ दिले की मोठे स्फटिक बनतात आणि तूप रवाळ होते. म्हशीच्या तुपाची कणी मोठी पडते, हे तुम्ही घरी पाहिले असेल.

बेरी मात्र कोरडी नसते. ती तूप धरून ठेवते. आपल्या लोण्यातील ८३ ग्रॅम घन पदार्थांनी आपल्या वजनाइतकेच तूप धरून ठेवले असे मानले, तर ८३ ग्रॅम तूप तेथे अडकते. हा तिसरा हरवलेला हिस्सा. म्हणून तर घरोघरी बेरीत साखर किंवा गूळ घालून ती खातात. तिच्यातले तूप वाया जात नाही!

हिशेब जुळला का?

आता सगळे मांडू. मलई काढलेल्या दुधात ८३ ग्रॅम, ताकात ४५ ग्रॅम, बेरीत ८३ ग्रॅम आणि तुपात ६,७८९ ग्रॅम. बेरीज बरोबर ७,००० ग्रॅम. आपले सात किलो सापडले! तूप मिळाले सुमारे ६.८ किलो, म्हणजे दुधातील स्निग्धांशाच्या सुमारे ९७ टक्के. तुपात राहणारा अत्यल्प ओलावा आपण धरलेला नाही. प्रत्यक्षात भांड्यांना आणि नळ्यांना चिकटलेले लोणीही धरावे लागते, म्हणून हाती येणारा आकडा याहून थोडा कमी असतो.

हा ताळेबंद केवळ गुण मिळवण्यापुरता नाही. समजा, यंत्राचा वेग कमी पडला आणि मलई काढलेल्या दुधात ०.१ ऐवजी ०.५ टक्का स्निग्धांश राहिला. तर त्या ८२-८३ किलो दुधातून ८३ ऐवजी ४०० ग्रॅमहून अधिक स्निग्धांश गेला. नंतर घुसळण कितीही काळजीपूर्वक केली, तरी हे नुकसान भरून निघणार नाही. ताकात स्निग्धांश वाढला तर तसे नुकसान तुलनेने लहान असते, कारण ताक अवघे ९ किलो असते. कुठे आधी लक्ष द्यायचे, ते हिशेबच सांगतो.

एक खबरदारी घ्या. घरी आपण तापवलेल्या दुधावरची साय साठवतो, विरजण लावतो आणि दही घुसळून लोणी काढतो. त्या सायीत स्निग्धांशाबरोबर उष्णतेने गोठलेली प्रथिनेही असतात, आणि विरजणातील जिवाणूंमुळे तुपाला वेगळा स्वाद येतो. प्रश्नात "देशी पद्धत" म्हटले असेल तर ही रीत लिहावी. "मलईपासून" किंवा "दुग्धशाळेतील पद्धत" म्हटले असेल तर वरची. दोन्हींची सरमिसळ करू नये.

उत्तर लिहिताना प्रत्येक पायरीला चार प्रश्न विचारा. येथे काय बदलते? तापमान किती, आणि का? काम पूर्ण झाले हे कशावरून ओळखायचे? आणि स्निग्धांश कुठे निसटतो? या चारांची उत्तरे दोन-दोन ओळींत लिहिली की उत्तर पुरे झाले.

जाता जाता एक गणित तुम्हीच सोडवा. गायीच्या १०० किलो दुधात ४ टक्के स्निग्धांश आहे. मलई ४० टक्क्यांची काढली आणि बाकीचे सगळे आकडे वरच्यासारखेच धरले, तर तूप किती मिळेल? आणि शेकडा किती स्निग्धांश हाती लागेल, म्हशीच्या दुधापेक्षा जास्त की कमी? उत्तर काढण्यापूर्वी मलई काढलेले दूध या वेळी किती किलो निघते, तिकडे नीट लक्ष द्या.